खोली ३८ अंशांवर असताना ईथर वापरायचं असेल तर: अहवालातलं रिस्क असेसमेंट कसं लिहावं

डायइथाइल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी, वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली असलेल्या प्रयोगशाळेत थर्मामीटर सहज ३८ दाखवतो. म्हणजे टेबलावरच्या फ्लास्कमधलं ईथर कुणी खाली बर्नर न लावताच उकळू लागतं. तरी माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक अहवालांत ‘रिस्क असेसमेंट’ या मथळ्याखाली एवढंच असतं: ‘ईथर ज्वलनशील आहे. काळजीपूर्वक हाताळावे. गॉगल व ग्लोव्हज वापरावेत.’ यात खोटं काहीच नाही. पण हे वाक्य महाबळेश्वरच्या थंडीतही खरं आणि सोलापूरच्या उन्हाळ्यातही खरं, एक मिली ईथरलाही लागू आणि एक लिटरलाही. तुमच्या प्रयोगात नेमकं काय बिघडू शकतं, ते त्यातून कळत नाही.

हा विभाग कसा लिहायचा ते एकाच प्रयोगावर दाखवते. ब्रोमोबेंझिन आणि मॅग्नेशियमपासून ग्रिग्नार्ड अभिकर्मक तयार करायचा, त्यात बेन्झोफिनोन घालायचं आणि ट्रायफिनाइल मेथॅनॉल मिळवायचं. प्रमाण लहान धरू: मॅग्नेशियम ०.२७ ग्रॅम, ब्रोमोबेंझिन १.७३ ग्रॅम, बेन्झोफिनोन १.८२ ग्रॅम आणि कोरडं ईथर २५ मिली. तुमच्या प्रयोगात ॲसिटोन, इथेनॉल किंवा इथाइल ॲसिटेट असेल तर आकडे बदलतील, लिहिण्याचा क्रम हाच राहील.

पहिली पायरी: सगळं ईथर मोजा

कृतीत ‘२५ मिली ईथर’ लिहिलेलं असतं आणि मुलं तोच आकडा उचलतात. पण अभिक्रिया संपल्यावर सेपरेटिंग फनेलमध्ये दोनदा १०-१० मिली ईथरने एक्स्ट्रॅक्शन करायचं असतं. फ्लास्क धुवायला आणखी पाचेक मिली लागतं. म्हणजे सत्रभरात एका टेबलावर ५० मिली ईथर येतं. एका बॅचमध्ये अशी सहा टेबलं असतील तर खोलीत ३०० मिली, शिवाय सरांच्या टेबलावरची ५०० मिलीची बाटली वेगळी. रिस्क असेसमेंटच्या पहिल्या ओळीत हा एकूण आकडा हवा, आणि त्यापुढे खोलीचं त्या दिवशीचं तापमान. ‘रूम टेंपरेचर’ हे शब्द लिहू नका, थर्मामीटर पाहून आकडा लिहा.

दुसरी पायरी: धोका आणि जोखीम वेगळी लिहा

ईथर पेट घेतं, हा ईथरचा गुण झाला. त्याला धोका म्हणू. हा गुण बाटलीत बंद असतानाही असतोच. जोखीम मात्र तुमच्या हातातल्या कृतीमुळे तयार होते: कोणत्या क्षणी वाफ बाहेर येते, ती कुठे जाते आणि तिथे तिला पेटवणारं काय आहे. म्हणून कृतीतली प्रत्येक पायरी घेऊन हे तीन प्रश्न विचारायचे. सेफ्टी डेटा शीट पहिल्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचं उत्तर देते. उरलेलं तुम्हाला तुमच्याच प्रयोगशाळेत फिरून शोधावं लागतं.

शीटमधून चारच गोष्टी उचला. उत्कलनबिंदू ३४.६ अंश. फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे बर्फात ठेवलेलं ईथरसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. हवेत वाफेचं प्रमाण साधारण १.९ टक्क्यांपासून ३६ टक्क्यांपर्यंत असेल तर ते मिश्रण पेटू शकतं. आणि वाफ हवेच्या अडीच पट जड असते. विषारीपणा, रंग, वास, रेणुभार यांची चार पानं उतरवून काढली तर परीक्षकाला या चार गोष्टी शोधत बसावं लागतं.

आता हे आकडे तुमच्या २५ मिलीला लावा. २५ मिली ईथर म्हणजे सुमारे १७.८ ग्रॅम, म्हणजे ०.२४ मोल. एवढ्या ईथरची पूर्ण वाफ झाली तर आपल्या तापमानाला ती साधारण ६ लिटर होते. १.९ टक्क्यांच्या हिशोबाने ही ६ लिटर वाफ ३०० लिटरहून जास्त हवा पेटण्याजोगी करू शकते. वाफ जड असल्यामुळे ती छताकडे न जाता टेबलावर पसरते. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद टेबलावर १५ सेंटिमीटर उंचीचा थर लावला की ३०० लिटर होतात. म्हणजे एक फ्लास्क सांडला तर अख्ख्या टेबलावर वीतभरापेक्षा जरा कमी उंचीचं, डोळ्यांना न दिसणारं इंधन पसरू शकतं. प्रत्यक्षात ते एकसारखं पसरत नाही, कुठे दाट तर कुठे विरळ असतं. पण पेटण्याची पट्टी १.९ ते ३६ एवढी रुंद असल्यामुळे कुठल्या तरी भागात प्रमाण जुळतंच. हा हिशोब अहवालात चार ओळींत बसतो, आणि ‘ईथर अत्यंत ज्वलनशील’ या शब्दांना वजन येतं ते त्यामुळेच.

मी विद्यार्थिनी असताना हे समोर घडलेलं पाहिलं आहे. आमच्या टेबलावर कुणीतरी ईथरची बाटली बूच न लावता ठेवली होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण दीड मीटरवर, दुसरी जोडी बर्नरवर पाणी तापवत होती. ‘बर्नर लांब आहे’ असं आम्ही सगळेच समजत होतो. बर्नरकडून एक फिकट निळी झुळूक टेबलाच्या पृष्ठभागावरून सरपटत बाटलीकडे आली आणि बाटलीच्या तोंडाशी उभी राहिली. जाळ लाकडावर टेकलेलाच दिसत नव्हता, थोडा वर तरंगत होता. लॅब असिस्टंट काकांनी बाटलीवर पोर्सिलीनची फरशी ठेवली आणि ज्योत विझली. एका मैत्रिणीची ओढणी कडेला करपली, कुणाला भाजलं नाही. तेव्हापासून अहवालात ‘बर्नरपासून दूर ठेवावे’ हे वाक्य दिसलं की मी समासात लिहिते: किती दूर, आणि त्या वेळी बर्नर पेटलेला का आहे?

तिसरी पायरी: ठिणगी कुठे आहे ते फिरून लिहा

वही घेऊन खोलीत एक फेरी मारा. बर्नर सगळ्यांना दिसतो, बाकीचं सुटतं. गरम हॉट प्लेट हे त्यातलं मोठं नाव. ईथरला पेटायला ज्योत लागतच नाही, १६० ते १८० अंशांचा पृष्ठभाग पुरतो. हॉट प्लेट त्याहून सहज जास्त तापते, बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि तिच्या थर्मोस्टॅटमध्ये चालू-बंद होताना ठिणगीही पडते. मग टेबलाखालचा सॉकेट, खिडकीतला साधा एक्झॉस्ट फॅन, आणि उन्हाळ्यात कोपऱ्यात आणून ठेवलेला कूलर. कूलरचे स्विच आणि मोटर ठिणगी टाकू शकतात. शिवाय कूलरचा झोत जमिनीलगतची वाफ ढकलत शेजारच्या टेबलापर्यंत नेतो.

सर्वांत जास्त वेळा सुटणारी गोष्ट म्हणजे विभागातला घरगुती फ्रिज. खोली ३८ अंशांवर असली की ईथरची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी असं कुणालाही वाटेल, आणि नेमकं तेच करायचं नाही. घरगुती फ्रिजच्या आत दिव्याचा स्विच आणि थर्मोस्टॅट असतो. बाटलीच्या बुचातून झिरपलेली वाफ बंद पेटीत साठते आणि दार उघडताना किंवा थर्मोस्टॅट चालू होताना पेटते. ज्वलनशील द्रवांसाठी बनवलेला, आत ठिणगी न पडणारा फ्रिज नसेल तर बाटली सावलीतल्या, हवेशीर, बंद कपाटात ठेवायची आणि उघडण्याआधी पाच-दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात उभी करून गार करायची. गरम बाटलीचं झाकण फिरवलं की ‘फस्स’ करून वाफ तोंडावर येते. थंड केल्यावर बाटली बाहेरून कोरडी पुसा, कारण ग्रिग्नार्डला पाण्याचा एक थेंबही चालत नाही.

चौथी पायरी: गरम खोलीमुळे कृतीत काय बदलतं

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुठल्याही शीटमधून उतरवता येत नाही.

आधी कंडेन्सर घ्या. नळाचं पाणी कंडेन्सरमधून सोडलं की वाफ परत फ्लास्कमध्ये येईल, असं कृती गृहीत धरते. आपल्याकडे ते पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. उन्हात तापलेल्या टाकीतलं पाणी हाताला कोमट लागतं, कधी ३५ अंशांच्या वर असतं. ३४.६ अंशाला उकळणाऱ्या द्रवाची वाफ ३६ अंशांच्या पाण्याने परत द्रव कशी होईल? ती कंडेन्सरमधून सरळ वर निघून जाते, पाहणाऱ्याला मात्र पाणी वाहताना दिसतं. त्यात पाणी दोन-चार दिवसांआड येणाऱ्या शहरात नळ तासभर उघडा ठेवणंही शक्य नसतं. उपाय सोपा आहे: बादलीत बर्फ आणि पाणी, त्यात कूलरचा पाण्यात बुडणारा छोटा पंप, आणि नळीने तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवत ठेवायचं. पंपाचं बटण टेबलापासून लांबच्या सॉकेटवर हवं. बर्फाच्या पाण्यामुळे कंडेन्सरला बाहेरून घाम सुटतो. तो ओघळून सांध्यात जाऊ नये म्हणून खाली कोरड्या कापडाची पट्टी गुंडाळा. अहवालात असं लिहा: ‘कंडेन्सरमध्ये जाणाऱ्या पाण्याचं तापमान दर १० मिनिटांनी मोजलं. १५ अंशांच्या वर गेल्यास बर्फ वाढवला.’

दुसरी गोष्ट फसवी आहे. ग्रिग्नार्ड अभिक्रिया लगेच सुरू होत नाही. मॅग्नेशियमवरचा ऑक्साइडचा थर फुटेपर्यंत ती थांबून राहते आणि मग एकदम जोरात, भरपूर उष्णता सोडत पुढे जाते. पुस्तकातली खूण अशी की ईथर आपोआप उकळू लागलं की अभिक्रिया सुरू झाली. ही खूण ३८ अंशांच्या खोलीत कुचकामी आहे, कारण तिथे ईथर अभिक्रियेविनाही उकळतं. विद्यार्थी बुडबुडे पाहतो, ‘सुरू झालं’ म्हणतो आणि ड्रॉपिंग फनेलमधलं ब्रोमोबेंझिन सोडत राहतो. सगळं ब्रोमोबेंझिन फ्लास्कमध्ये जाऊन साठल्यावर अभिक्रिया खरोखर सुरू होते आणि मग २५ मिली ईथर कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून बाहेर पडतं. वरचा ३०० लिटरचा हिशोब इथे खरा ठरतो.

म्हणून खूण बदलायची. ब्रोमोबेंझिनच्या द्रावणाचा फक्त दहावा भाग घाला, आयोडीनचा एक लहान स्फटिक टाका आणि थांबा. आयोडीनचा तपकिरी रंग जातो, द्रावण गढूळ करडं होतं आणि बुडबुडे नेमके मॅग्नेशियमच्या तुकड्यांवरून उठतात. मग फ्लास्क क्षणभर २५ अंशांच्या पाण्यात धरा. उकळणं थांबलं तर ते खोलीच्या उष्णतेचं होतं. धातूवरून बुडबुडे येतच राहिले तर अभिक्रिया सुरू झाली आहे. त्यानंतरच उरलेलं द्रावण २० ते ३० मिनिटांत थेंबथेंब सोडायचं, खाली बर्फाचं भांडं तयार ठेवून. असेसमेंटमध्ये ही पूर्ण खूण लिहा. ‘हळूहळू घालावे’ म्हणून भागत नाही.

शेवटी आम्ल घालताना आणि एक्स्ट्रॅक्शनच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न येतो. अभिक्रियेचं मिश्रण बर्फावर ओतायचं. सेपरेटिंग फनेलमध्ये हाताच्या उष्णतेनेच वाफेचा दाब वाढतो, म्हणून एकदा हलकं हलवलं की लगेच फनेल उलटा धरून तोटी उघडायची, तोटीचं तोंड फ्युमहूडच्या आत ठेवून.

पाचवी पायरी: उपाय योग्य क्रमाने लिहा

ग्लोव्हज सर्वांत शेवटी येतात. नायट्राइल ग्लोव्हजमधून ईथर थोड्याच वेळात आरपार जातं, ते फक्त उडालेल्या थेंबापुरते. आधी विचारा: ईथर टाळता येईल का? याच अभिक्रियेसाठी टेट्राहायड्रोफ्युरान चालतं, ते ६६ अंशाला उकळतं. म्हणजे आपल्या खोलीत ते आपणहून उकळत नाही. पण तेही ज्वलनशील आहे आणि पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे एक्स्ट्रॅक्शनची कृती बदलावी लागते. ईथरच हवं असेल तर प्रयोग डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या बॅचला घ्या. माझ्या मते आपल्या गावात यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय नाही. मग प्रमाण कमी करा. मग फ्युमहूड. पण तो चालतो का ते पाहा: टिश्यू पेपरची पट्टी काचेच्या फटीशी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. पट्टी लोंबकळत राहिली तर त्याला कपाट समजा आणि अहवालात तसंच लिहा.

बाटलीवर उघडल्याची तारीख नसेल किंवा ती जुनी असेल तर पेरॉक्साइडची चाचणी करा, आणि ईथर कधीही पूर्ण कोरडं होईपर्यंत उडवू नका. अंगावर सुती ॲप्रन, ओढणी बाजूला काढलेली, केस बांधलेले.

सहावी पायरी: गुण देताना प्रामाणिक राहा

बहुतेक ठिकाणी शक्यता १ ते ५ आणि तीव्रता १ ते ५ धरून गुणाकार करतात. इथे एक चूक वारंवार होते. उपायांनंतर मुलं दोन्ही आकडे खाली आणतात. पण बर्नर विझवल्याने पेटण्याची शक्यता कमी होते, पेटल्यावर होणारी इजा तेवढीच राहते. तीव्रता खाली येते ती प्रमाण कमी केल्यावर किंवा मध्ये फ्युमहूडची काच आल्यावर. आपल्या प्रयोगातली ‘ईथर कंडेन्सरमधून बाहेर पडून पेटणं’ ही एक ओळ अशी भरता येईल:

‘उपायांपूर्वी: खोली ३८ अंश, नळाचं पाणी ३६ अंश, शेजारच्या टेबलावर बर्नर. शक्यता ४, तीव्रता ४, एकूण १६. उपाय: प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, बर्फाचं पाणी फिरवणं, खोलीत एकही बर्नर किंवा हॉट प्लेट नाही, दहावा भाग घालून खूण तपासणं, फ्युमहूडची काच खाली. उपायांनंतर: शक्यता २, प्रमाण तेच पण काच मध्ये असल्याने तीव्रता ३, एकूण ६.’

आकड्यापेक्षा त्याच्या बाजूचं कारण महत्त्वाचं. कारण न देता लिहिलेला २ मी खोडते.

सातवी पायरी: पेटलंच तर, आणि वीज गेली तर

‘अग्निशामक वापरावे’ हे अर्धं उत्तर आहे. टेबलावर सांडलेलं ईथर पेटलं तर कार्बन डायऑक्साइडचं किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक चालतं. पाणी नको, कारण ईथर पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यावर तरंगत पसरतं आणि आग पुढे नेतं. पण आपल्या फ्लास्कमध्ये मॅग्नेशियम आहे. जळणारं मॅग्नेशियम पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशीही अभिक्रिया करतं. तिथे कोरड्या वाळूची बादली लागते, आणि वाळू खरोखर कोरडी आहे का ते आधी हात घालून पाहावं लागतं. कपडे पेटले तर सेफ्टी शॉवर. पण टाकीत पाणी आहे का? प्रयोगाच्या सकाळी साखळी ओढून पाहा आणि ‘तपासलं’ असं लिहा.

वीज गेली की फ्युमहूड, पंप आणि स्टिरर एकदम थांबतात. त्यासाठी तीन कृती क्रमाने लिहा: ड्रॉपिंग फनेलची तोटी बंद, फ्लास्क बर्फात, फ्युमहूडची काच खाली. जनरेटर येईपर्यंत काही घालायचं नाही आणि काही उघडायचं नाही.

सगळ्यात खाली थांबण्याची अट

हा विभाग सहीने संपतो, पण सहीच्या वर एक चौकट आखा आणि कोणत्या परिस्थितीत प्रयोग सुरूच करणार नाही ते तिच्यात लिहा. आपल्या प्रयोगासाठी मी अशी लिहीन: ‘खोलीचं तापमान ३० अंशांच्या वर असेल, टिश्यूची पट्टी फ्युमहूडमध्ये ओढली जात नसेल, किंवा बर्फ मिळाला नसेल, तर ईथरची बाटली उघडली जाणार नाही.’ त्याखाली तारीख, वेळ आणि थर्मामीटरचा आकडा यांसाठी रिकामी जागा ठेवा. ती प्रयोगाच्या दिवशी, प्रयोगशाळेत उभं राहून, पेनाने भरायची.